सुरमई, कोंबडी आणि मटार फ्रीझरमध्ये का सुकतात: सात महिन्यांच्या नोंदी (रत्नागिरी, २०२५)

५ जानेवारी, रविवार

गेल्या वर्षी मे अखेरीला तीन किलो सुरमई घेऊन फ्रीझरमध्ये टाकली होती. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यापुरती बेगमी. जुलैत पिशवी सोडली तर तुकड्यांच्या कडा कापसासारख्या पांढऱ्या आणि मधे पिवळट डाग. तळल्यावर दाताखाली पुठ्ठा आल्यासारखं वाटत होतं. कुजका वास नव्हता, जुन्या तेलाचा होता. सासूबाईंनी एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "ह्यापेक्षा सुकट बरी गं." ९०० रुपये किलोची सुरमई होती.

आज तोच प्रकार कोंबडीत निघाला. नोव्हेंबरात ठेवलेलं अर्धा किलो चिकन, चांगल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. झाकण उघडलं तर आतून सगळीकडे पांढरा चुरा आणि वरच्या तुकड्यांवर करडे, खडबडीत चट्टे. पिशवी फाटली असेल असं सुरमईच्या वेळी म्हणता आलं. डब्याचं झाकण तर घट्ट होतं. मग मांस सुकलं कसं?

म्हणून ह्या नोंदी. मेपर्यंत ह्याचा उलगडा करायचा आणि ह्या वर्षीची सुरमई जुलैत खाण्यासारखी काढायची. फ्रीज दोन दारांचा, २६० लिटरचा, फ्रॉस्ट-फ्री. वरचा फ्रीझर साधारण साठ लिटरचा. करपलेले चट्टे सुरीने खरवडून काढले आणि बाकीचं रश्शात घातलं. चाललं. खाऊन कोणी आजारी पडत नाही, फक्त चव आणि मऊपणा जातो.

१२ जानेवारी, रविवार

बिनहाडाच्या कोंबडीचे पाच तुकडे घेतले, प्रत्येकी ११० ग्रॅमच्या आसपास. एक उघडा ताटलीत. एक भाजीवाल्याच्या पातळ पिशवीत गाठ मारून. एक डब्यात. एक अॅल्युमिनियम फॉइलमध्ये. आणि एक क्लिंग फिल्ममध्ये अंगाला चिकटेल असा घट्ट गुंडाळून झिपवाल्या पिशवीत. रोज वजन करायचं ठरवलं आहे.

१७ जानेवारी

पाच दिवस फुकट गेले. रोज बाहेर काढून काट्यावर ठेवायचं, तर आपल्या दमट हवेतलं पाणी गार तुकड्यावर लगेच बसतं. परवा उघड्या तुकड्याचं वजन दोन ग्रॅमने *वाढलं*. वर रोज पाच मिनिटं बाहेर राहून तुकडे कडेने नरम पडत होते ते वेगळंच. म्हणजे जे तपासायचं तेच मी हाताने बिघडवत होते. सगळे तुकडे आजच्या कढीपत्ता चिकनमध्ये गेले.

परवा रविवारी नवे तुकडे ठेवीन आणि तीन आठवडे हात लावणार नाही.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून मटार उरकले. पाच किलो शेंगा, ४० रुपये किलो, सोलून सव्वादोन किलो दाणे. उकळत्या पाण्यात दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग चाळणीत. उकळत्या पाण्याची पायरी गाळली तर दाणे थंडीतही हळूहळू पिवळे पडतात आणि वाळल्या गवताचा वास मारतात. सुकण्याशी तिचा संबंध नाही, पण ती गाळू नये.

चूक पुढे झाली. निथळायला दहा मिनिटं ठेवून ओलेच पिशवीत भरले आणि पिशवी फ्रीझरमध्ये सरकवली. रात्री बघितलं तर दोन किलोचा एकच दगड.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे झाले. आज एकदाच वजन केलं, एकेक तुकडा बाहेर काढून, एका मिनिटाच्या आत. आधी पाकीट न सोडता, मग सोडून, आतला पांढरा चुरा झटकून.

उघडा तुकडा ११२ वरून ९७ ग्रॅम. पंधरा ग्रॅम हवेत. रंग फिका, वरचा थर नखाने सोलता येईल असा.

पातळ पिशवीतला तुकडा १०८ चा. पाकिटासकट वजन फक्त एक ग्रॅमने कमी, म्हणून मी खुश झाले. पिशवी सोडून चुरा झटकला तर मांस १०३. डब्यातल्या तुकड्याची तीच गत, जास्तच ठळक. डब्यासकट वजनात *काहीच* फरक नाही, आणि तरी ११० चं मांस १०५ वर आलेलं. पाच ग्रॅम पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला बर्फ होऊन चिकटलं होतं. बोटाने खरवडून वाटीत घेतलं आणि वितळू दिलं, चहाच्या चमच्याएवढं भरलं.

फॉइलमधला ११५ वरून ११३. एका कोपऱ्यात, जिथे घडी सुटली होती, तिथेच रुपयाएवढा पांढरा डाग. काढताना फॉइल खालच्या बर्फाला चिकटून फाटलं. फॉइल चांगलं अडवतं, पण आपल्या घरातलं इतकं पातळ असतं की घडीवर चिरतं आणि ते दिसतही नाही.

फिल्म आणि झिपवाली पिशवी: १११ वरून १११. माझा काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही, पण डोळ्यालाही काही दिसलं नाही. आत चुरा नाही, डाग नाही.

डब्याचं कोडं इथे सुटलं. इतके दिवस मी समजत होते की फ्रीझरमधला बर्फ म्हणजे बाहेरून आत शिरलेला ओलावा. बंद डब्यातला तो पांढरा चुरा मांसातलंच पाणी आहे. बर्फ वितळल्याशिवायही वाळतो. ज्याला खात्री करायची असेल त्याने बर्फाचा ट्रे महिनाभर न वापरता ठेवून बघावा. खडे लहान होतात, कडा गोल होतात, आणि ट्रेखाली थेंबभर पाणी सांडलेलं नसतं. मांसाच्या वरच्या थरातला बर्फ असाच वाफ होऊन निघतो आणि जवळची जी जागा जास्त गार असेल तिथे जाऊन बसतो. डब्यात अर्धी जागा रिकामी म्हणजे वाफेला फिरायला अंगण. झाकण घट्ट असल्याने पाणी डब्याबाहेर जात नाही इतकंच, मांसाबाहेर मात्र जातं आणि परत मांसात शिरत नाही. जिथून पाणी गेलं तिथे बारीक पोकळ्या राहतात, तोच तो पांढरा रंग. त्या पोकळ्यांतून हवा आत जाते आणि चरबीला खवट करते. जुन्या तेलाचा वास तिथून येतो.

थोडक्यात, मी वर्षभर झाकणाकडे बघत होते. बघायला हवं होतं झाकण आणि मांस ह्यांच्या मधल्या हवेकडे.

१६ फेब्रुवारी

२४० रुपयांचा वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला. वायर दारातून आत घेता येते, दार व्यवस्थित लागतं. दिवसभर जाता-येता आकडे लिहिले. एरवी उणे १७ ते उणे १९. पण सकाळी सव्वाआठला आणि रात्री नऊच्या सुमारास आकडा चढत उणे १० पर्यंत गेला आणि अर्ध्या तासात परत खाली आला. दार कोणी उघडलं नव्हतं.

फ्रीज दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तो बिघाड नाय. मागच्या कॉइलवर बर्फ साचतो तो वितळवायला आत हिटर असतो. म्हणून तर तुम्हाला हाताने बर्फ काढावा लागत नाय." म्हणजे जी सोय म्हणून पैसे मोजले तीच मांस सुकवते. दर वेळी हवा गरम झाली की मांसातून जास्त वाफ निघते. मग गारवा परत आला की पिशवीचं पातळ प्लास्टिक आधी गार होतं, मांस मागाहून. वाफ प्लास्टिकवर जाऊन बसते. दिवसातून दोनदा असा हातपंप चालू. शिवाय पंखा सतत कोरडी हवा फिरवतो, म्हणून उघड्या तुकड्याचं इतकं नुकसान झालं.

हिटर बंद करता येत नाही. जागा मात्र बदलता येते. पंख्याच्या जाळीसमोरची वरची मागची जागा आणि दारातला कप्पा, दोन्ही मांसमच्छीसाठी बाद. तिथे आता पाण्याच्या बाटल्या आणि बर्फाचे ट्रे. मांस खाली, मधे, एकमेकांना खेटून.

२३ फेब्रुवारी

मटाराच्या दगडाचं काय केलं ते. आपटून फोडला, अर्धे दाणे चिरडले, त्यांची मटार उसळ झाली. मग बाजारात उरलेसुरले मटार ५५ रुपयांनी घेऊन दुसरा घाणा केला. ह्या वेळी दाणे पंचावर पसरून पंख्याखाली तासभर, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. मग स्टीलच्या ताटात एका थरात रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी गारगोट्यांसारखे खडखडीत सुटे. लगेच पिशवीत.

आणखी एक खोड मोडली. पूर्वी एकच मोठी पिशवी असायची, रोज उघडायची, मूठभर काढायची, परत ठेवायची. दर खेपेला दमट हवा आत, आणि जसजसे दाणे कमी होतील तसतशी पिशवीत रिकामी जागा जास्त. शेवटच्या पावशेरातले दाणे नेहमी सुरकुतलेले का असतात ते कळलं. आता दोनशे ग्रॅमची एकेक पिशवी, एका भाजीपुरती, उघडली की संपवायची.

झिपवाल्या पिशवीतली हवा काढायला यंत्र लागत नाही. झिप बोटभर उघडी ठेवायची, पिशवी पाण्याने भरलेल्या बादलीत हळूहळू बुडवायची, तोंड वर. पाणी बाहेरून दाबतं, प्लास्टिक दाण्यांना चिकटत जातं, हवा वरून फुस्स करून निघते. पाणी झिपच्या खाली बोटभर राहिलं की झिप दाबून बंद. पहिल्या दोन पिशव्यांत पाणी शिरलं, तिसऱ्यापासून हात बसला. काही जण स्ट्रॉ लावून तोंडाने हवा ओढतात. कच्च्या मांसाच्या पिशवीला तोंड लावणं मला पटत नाही.

९ मार्च, रविवार

३,२०० रुपयांचं व्हॅक्यूम यंत्र घेतलं. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण चार किलो सुरमई वाया जाण्यापेक्षा हे बरं, असा हिशेब मांडला.

पहिला दिवस पूर्ण फसला. गावातल्या पॅकिंगच्या दुकानातून २८० रुपयांच्या गुळगुळीत पिशव्या आणल्या होत्या. यंत्र गुरगुरतं, हवा ओढतच नाही. घरगुती यंत्र पिशवीचं तोंड बाहेरून पकडून हवा ओढतं. दोन्ही बाजू गुळगुळीत असल्या की त्या एकमेकींना चिकटतात आणि हवेची वाटच बंद होते. एका बाजूला जाळीदार उठाव असलेल्या पिशव्या लागतात. त्यांचे दोन रोल ६५० रुपयांना मागवले. गुळगुळीत पिशव्या लाडूंना वापरते आहे.

१६ मार्च

रोल आले. मटणाची अकरा पाकिटं केली, पाव किलोच्या आतबाहेर. दिसायला अगदी दुकानातल्यासारखी. रात्री अकराला झोपले.

१७ मार्च

सकाळी चार पाकिटं सैल.

दोनांत नळीच्या हाडाची टोकं प्लास्टिकमधून बाहेर आली होती. हवा ओढली जाते तसं प्लास्टिक हाडावर आवळतं, आणि कोयत्याने तोडलेल्या हाडाची कड सुरीसारखी असते. उरलेल्या दोनांत हाडाचा दोष नव्हता. मटणाचं पाणी हवेबरोबर ओढलं जाऊन जोडणीच्या रेषेत आलं होतं. ओल्या प्लास्टिकची जोडणी वरून झालेली दिसते पण धरत नाही. उजेडासमोर धरली की त्या रेषेत बुडबुडे दिसतात.

दुरुस्ती: मटण आधी ताटात दोन तास फ्रीझरमध्ये ठेवलं, वरून कडक होईपर्यंत. मग पाणी सुटत नाही. हाडाच्या टोकांवर बटर पेपरची चौपदरी घडी. पिशवीत भरताना तोंड चार बोटं बाहेर दुमडून घ्यायचं, म्हणजे त्याला मटण लागत नाही, भरून झालं की उलटायचं. आणि जोडणीच्या दोन रेषा, अर्ध्या इंचाच्या अंतराने. चारही पाकिटं पुन्हा केली. २४ तासांनी पाकिट दाबून बघायचं हा आता नियम केला आहे. लगेच बघून काही कळत नाही, बारीक भोकातून हवा सावकाश शिरते.

पाकिटावर मांसाचं नाव आणि तारीख *आधी* लिहायची. बर्फाळ प्लास्टिकवर मार्कर उमटत नाही आणि कागदी चिकटपट्टी आठवड्यात गळून पडते. "तारीख नसलेलं लाल काहीतरी" अशी दोन पाकिटं माझ्याकडे आहेत.

२० एप्रिल

मधल्या काळात काही विशेष नाही. खोवलेलं खोबरं पातळ थापून झिपच्या पिशव्यांत ठेवलं, ते उत्तम राहिलं. आमरसाच्या डब्यात मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पातळ पदार्थ गोठताना फुगतो, म्हणून वर दोन बोटं जागा सोडावीच लागते, आणि तीच जागा वर बर्फ साचवते. उपाय सोपा आहे. क्लिंग फिल्म डब्याच्या तोंडावर न ताणता थेट रसाच्या अंगावर टेकवायची, मग झाकण. जागा राहते, पण रस उघडा राहत नाही.

१८ मे, रविवार

मोठा दिवस. मे अखेरीपर्यंत थांबणार होते, पण शेजारचे काका म्हणाले, "थांबू नको, वारा बदललाय." ते मिरजोळ्याच्या बाजूला मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात पंचवीस वर्षं होते. पहाटे मिरकरवाड्यावर आम्ही दोघं गेलो. चार किलो सुरमई ९५० ने, दोन किलो कोळंबी, दीड किलो बांगडे.

सुरमईच्या ३२ तुकड्या निघाल्या, साधारण ९४ ग्रॅमची एक. सगळ्या एकदम फ्रीझरमध्ये घातल्या तर आतलं सगळंच नरम पडेल, म्हणून अर्ध्या आज, अर्ध्या खाली बर्फावर उद्यासाठी. ताटात सुट्या, एकीला एक न लागता.

१९ मे

काकांनी ग्लेझिंग शिकवलं. कारखान्यात ते त्याला "काच चढवणं" म्हणायचे. पूर्ण गोठलेला मासा बर्फाच्या पाण्यात क्षणभर बुडवायचा की त्याच्या स्वतःच्या गारव्याने पाण्याचा पातळ थर वरच गोठतो. पुढे फ्रीझरची कोरडी हवा जे काही वाळवेल ते ह्या थराला वाळवेल, माश्याला नाही.

मी शहाणपणा करून नळाचं पाणी घेतलं. मे महिन्यातलं आमच्या टाकीचं पाणी म्हणजे कोमटच. पहिल्या चार तुकड्यांवर काच चढण्याऐवजी कडा वितळल्या, आणि परत गोठवल्यावर तडे गेले. काका हसले नाहीत, फक्त म्हणाले, "अगो, पाण्यात बर्फ तरंगत राह्यला पायजे, शेवटच्या तुकडीपर्यंत." पातेल्यात अर्धं पाणी, अर्धा बर्फ. तीन-चार सेकंद बुडवून काढली, निथळली, ताटावर ठेवली, पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. असं तीनदा. ९४ ग्रॅमची तुकडी १०२ झाली. हाताला गुळगुळीत लागते, दोन तुकड्या एकमेकींवर आपटल्या की पेल्यासारखा आवाज येतो.

सोळा तुकड्यांना अडीच तास गेले, कारण फ्रीझर लहान आणि दार सारखं उघडावं लागलं. शेवटी आतला आकडा उणे ११ होता. आठ-आठच्या तुकडीने करायला हवं होतं.

काच चढवलेल्या तुकड्या जोडीजोडीने फिल्ममध्ये, मग झिपवाल्या पिशवीत, बादलीत बुडवून हवा काढून. तुलनेसाठी तीन तुकड्या वेगळ्या ठेवल्या: एक गेल्या वर्षीसारखी पातळ पिशवीत, एक काच चढवून पण उघडी, आणि एक काच न चढवता व्हॅक्यूममध्ये.

२१ मे

उरलेल्या तुकड्या काल झाल्या. आज कोळंबी. डोकी काढली, सालं ठेवली, कारण सोललेली कोळंबी पाण्यात राहिली की चव पाण्याला देते. पाव किलोच्या चपट्या डब्यांत भरून वर कोळंबी बुडेल एवढं गार पाणी, वर दोन बोटं मोकळी. गोठल्यावर वीट. कोळंबी बर्फाच्या आत असल्यामुळे हवा तिला शिवतच नाही. वितळवायला मात्र वेळ लागतो. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवावी लागते.

कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही. होड्या बंदरात. काकांचा वारा खरा निघाला.

१ जून

ह्या वर्षी मान्सून मे महिन्यातच येऊन बसला, त्यामुळे बंदीच्या आधीच मासळी बंद झाल्यासारखी होती. काच चढवून उघडी ठेवलेली तुकडी आज तपासली, तेरा दिवसांनी. १०२ वरून ९४. काच संपली! पाठीच्या कडेला, जिथे कातडी वळते, तिथे पांढरं दिसायला लागलं होतं. म्हणजे घरच्या पंखेवाल्या फ्रीझरमध्ये नुसत्या काचेवर भागत नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, कारखान्यातही काच चढवल्यावर माल पिशवीत आणि खोक्यात जायचाच. हे आधी विचारायला हवं होतं. तुकडी दुपारी तळून खाल्ली, चवीला छान होती.

१४ जून

वीज सकाळी सहाला गेली, दुपारी तीनला आली. नऊ तास. दार उघडू नका असं सगळ्यांना बजावलं होतं. थर्मामीटरची वायर आत होतीच, त्यामुळे न उघडता कळत होतं. शेवटचा आकडा उणे ५. दारातल्या आणि मागच्या बाटल्यांनी गारवा धरून ठेवला असणार, फ्रीझर भरलेला होता हेही कामी आलं. पाकिटं सगळी दगडासारखी. दोन झिपच्या पिशव्यांत, जिथे फिल्म नीट बसली नव्हती, तिथे कडेला नवा चुरा आलेला दिसला. त्या दोन पिशव्या ह्याच आठवड्यात संपवायच्या.

६ जुलै, रविवार

बांगडे. सात आठवडे झाले. अर्धे झिपच्या पिशवीत होते, अर्धे व्हॅक्यूममध्ये. झिपवाल्यांवर एकही पांढरा डाग नाही, वजनही जिथल्या तिथे, आणि तरी पोटाकडे पिवळसर रंग आणि खवट वास. सुकले नव्हते, तरी बिघडले. झिपची साधी प्लास्टिक पिशवी पाणी अडवते, हवेतला ऑक्सिजन बराचसा आत सोडते. सुरमईला त्याचा इतका फरक पडत नाही, बांगडा तेलकट मासा, त्याची चरबी पटकन खवट होते. व्हॅक्यूमच्या जाड, अनेक थरांच्या पिशवीतले बांगडे साफ चांगले निघाले. पुढच्या वर्षी बांगडा फक्त व्हॅक्यूममध्ये, किंवा महिन्याभरात खायचा.

व्हॅक्यूममधला मासा वितळवताना पाकीट आधी कापून उघडायचं, मग ताटलीत झाकून खालच्या कप्प्यात ठेवायचं. हवाबंद पाकिटात मासा नरम पडू दिला तर हवा नको असलेले घातक जंतू आत वाढू शकतात, आणि त्यांचा वास येईलच असं नाही. ओट्यावर तर अजिबात ठेवायचं नाही.

२० जुलै, रविवार

ह्या वर्षी दिव्यांची अवस गुरुवारी आली आहे, म्हणून आमच्याकडे गटारी आजच. नऊ आठवड्यांनी सुरमई काढली.

पातळ पिशवीतली तुकडी: ९४ वरून ८२. कडा कापूस. अगदी गेल्या वर्षीची. मीठ-मसाला लावून ठेवली तर मसाला शोषून घेते, पण पाणी परत धरत नाही, तव्यावर तशीच कोरडी. मांजराने खाल्ली, तीही पहिल्या हाकेला आली नाही.

काच, फिल्म आणि झिप: १०२ वरून १०१. काच जिथे दोन तुकड्या टेकल्या होत्या तिथे तडकलेली, बाकी शाबूत. वितळल्यावर मांस घट्ट, कातडी चकचकीत.

नुसत्या व्हॅक्यूममधली: ९५ वरून ९५. चवीला वरच्या तुकडीपेक्षा कमी नाही. खरं सांगायचं तर काच चढवण्याचे पाच तास वाचवून पुढच्या वर्षी सगळी सुरमई व्हॅक्यूममध्येच घालीन. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना काच आणि झिप. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

खर्च: यंत्र ३,२००, जाळीदार रोल ६५०, वाया गेलेल्या पिशव्या २८०, झिपच्या पिशव्या ४२०, थर्मामीटर २४०, फिल्म १६०. एकूण ४,९५० रुपये. वेळ मोजला नाही, मोजायची हिंमत नाही.

सासूबाईंनी दोन तुकड्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. सुकटीचा विषय निघाला नाही.

सुरमईची दोन पाकिटं आणि कोळंबीची एक वीट शिल्लक आहे. शुक्रवारपासून श्रावण, मग गणपती, म्हणजे सप्टेंबरपर्यंत त्यांना कोणी हात लावणार नाही. पाकिटांवर आजचं वजन लिहून ठेवलं आहे: १९४, १९८ आणि वीट ५२० ग्रॅम. अनंत चतुर्दशीनंतर काट्यावर घालीन.